सगळे एकाच वेळी पोहोचावेत म्हणून कोणी किती उशिरा निघायचं?

सहा जणांचा एक रनिंग ग्रुप आहे असं समजू. त्यात अडुसष्ट वर्षांचे निवृत्त काका आहेत. पाच किलोमीटरला त्यांना ४१ मिनिटं आणि वर थोडी सेकंदं लागतात. कॉलेजातला एक पोरगा आहे, तो तेवढंच अंतर १९ मिनिटांच्या आत संपवतो. या दोघांना एका रेषेवर उभं करून शिट्टी वाजवली, तर पोरगा पोहोचतो तेव्हा काका निम्म्या वाटेवरही आलेले नसतात. ही शर्यत कोणी बघावी आणि कशासाठी?

हॅंडिकॅप शर्यतीत अंतर सगळ्यांना तेवढंच असतं, निघायची वेळ मात्र वेगवेगळी. काका सगळ्यांत आधी निघतात, पोरगा सगळ्यांत शेवटी, आणि जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकला. हिशोब नीट जमला असेल तर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात येतात. पुढे असलेल्या काकांना मागून पावलांचा आवाज ऐकू येतो आणि मागून येणाऱ्याला पुढची पाठ दिसते.

हाच खेळ दुसऱ्या तऱ्हेनेही खेळतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात स्टॉवेल गावी १८७८ पासून ईस्टरच्या सुट्टीत १२० मीटरची शर्यत होते, तिथे कमी वेगवान धावपटूला काही मीटर पुढून सोडतात. सवलत न मिळालेला माणूस मूळ रेषेवरून पळतो, त्याला स्क्रॅचवरून पळणं म्हणतात. इतक्या छोट्या पल्ल्यात माणसामाणसांतला फरक सेकंदाच्या आसपास, तेव्हा प्रत्येकासाठी वेगळी शिट्टी वाजवणं अवघडच. म्हणून तिथे मीटर कमीजास्त करतात. पाच किलोमीटरला फरक मिनिटांत मोजायचा असतो, त्यामुळे रेषा एकच ठेवून घड्याळ पुढे-मागे करणं सोपं. या लेखात आपण फक्त हाच प्रकार बघू.

मूळ हिशोब म्हणजे एक वजाबाकी आहे. प्रत्येकाला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायचा. सगळ्यांत जास्त वेळ लागणारा माणूस शून्याला निघतो. बाकी प्रत्येक जण त्याच्या वेळेतून आपली वेळ वजा केल्यावर जे उरेल तेवढा थांबतो. काकांचे ४१:२०, पोरग्याचे १८:४०, फरक २२:४०. काका निघाल्यावर बावीस मिनिटं चाळीस सेकंदांनी पोरग्याला सोडायचं, म्हणजे दोघे ४१:२० ला रेषेवर. हे शाळेतल्या गणितातलंच आहे. खरी मेहनत वजाबाकीच्या आधी आणि नंतर असते.

आधी येतो प्रश्न अंदाजाचा. सगळ्यांत भरवशाची वेळ म्हणजे त्याच अंतराची, गेल्या सहा महिन्यांतली, आणि मनापासून पळलेली. पण आपल्याकडे पाच किलोमीटर शर्यत म्हणून जीव तोडून पळणारे थोडे. लोकांकडे असतं ते दहा किलोमीटरचं नाहीतर एकवीसचं टायमिंग. मग मोठ्या अंतरावरून छोट्या अंतराची वेळ काढावी लागते. इथे नुसतं निम्मं करून चालत नाही, कारण अंतर अर्धं झालं की माणूस जरा वेगानेही पळतो. पीटर रिगेल या अमेरिकन इंजिनियरने यासाठी एक सुटसुटीत सूत्र मांडलं, आणि आज इंटरनेटवरच्या बहुतेक रेस-कॅल्क्युलेटरांच्या पोटात तेच आढळतं:

```
T2 = T1 × (D2 / D1)^1.06
```

T1 ही माहीत असलेली वेळ, D1 ते अंतर, D2 हवं असलेलं अंतर. आपल्या ग्रुपमधल्या डॉक्टर बाईंकडे फक्त दहा किलोमीटरचे ५८ मिनिटं आहेत असं धरा. दहावरून पाचला येताना हे सूत्र २.०८५ ने भागायला सांगतं. उत्तर २७:४९ येतं. नुसतं निम्मं केलं असतं तर २९:०० आलं असतं, म्हणजे बाईंना सव्वा मिनिटाची फुकटची सवलत मिळाली असती.

हे सूत्र दहावरून पाचला बरं चालतं, पण एकवीसवरून पाचला येताना सांभाळून. आपल्याकडे खूप जण पुरेसा सराव नसताना हाफ मॅरेथॉन पळतात आणि शेवटचे सहा-सात किलोमीटर जवळजवळ चालत काढतात. त्या वेळेवरून काढलेला पाच किलोमीटरचा अंदाज खूप सैल येतो, माणूस प्रत्यक्षात त्याहून दोन-तीन मिनिटं आधी पोहोचू शकतो. आणि ते टायमिंग साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं असेल तर विचारायलाच नको. तिथे यवतेश्वरचा घाट चढून उतरलेला माणूस सपाट रस्त्यावर किती पळेल, हे त्या आकड्यावरून ठरवायला जाऊ नये. शक्य तितक्या जवळच्या अंतराचं आणि सपाट रस्त्यावरचं टायमिंग घ्यावं. तसं काही नसेल तर शर्यतीच्या दोन आठवडे आधी सगळ्यांना तीन किलोमीटर जोरात पळायला लावून ती वेळ नोंदवावी.

आपल्या सहा जणांच्या सपाट रस्त्यावरच्या पाच किलोमीटरच्या वेळा आता अशा धरू: काका ४१:२०, शाळेतल्या बाई ३६:००, नुकताच पळायला लागलेला आयटीवाला ३१:३०, डॉक्टर बाई २७:४९, बँकेतल्या मॅडम २५:१० आणि पोरगा १८:४०.

आता शर्यतीचा रस्ता बघू. तो सपाट नाही. मध्ये दीड किलोमीटरचा चढ आहे, आणि यापूर्वी तिथे पळलेल्यांच्या वेळा पाहता सपाटीपेक्षा साधारण आठ टक्के जास्त वेळ लागतो. नव्या आयोजकाला इथे वाटतं, चढ तर सगळ्यांनाच आहे, सगळेच हळू होतील, मग निघण्याच्या वेळा बदलायचं कारणच काय? ऐकायला पटतं, पण हिशोबात बसत नाही. चढामुळे प्रत्येकाचा वेळ ठरावीक मिनिटांनी वाढत नाही, ढोबळमानाने ठरावीक पटीने वाढतो. पोरग्याच्या १८:४० चे आठ टक्के म्हणजे दीड मिनिट. काकांच्या ४१:२० चे आठ टक्के म्हणजे तीन मिनिटं अठरा सेकंदं. त्याच चढाने काकांचे पोरग्यापेक्षा दुपटीहून जास्त मिनिटं खाल्ली.

सपाट रस्त्याच्याच वेळांवर २२:४० चा फरक ठेवून सोडलं तर काय होईल ते बघा. पोरग्याला चढाच्या रस्त्यावर २०:१० लागतात, तो घड्याळात ४२:५० ला पोहोचतो. काका ४४:३८ ला. मध्ये एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदं. काकांचा त्या रस्त्यावरचा पेस किलोमीटरला नऊ मिनिटांच्या जरा आत आहे, म्हणजे पोरगा रेषा ओलांडतो तेव्हा काका अजून दोनशे मीटर मागे असतात. वजाबाकी बरोबर होती, पण ज्या आकड्यांची केली ते या रस्त्याचे नव्हते.

म्हणून क्रम असा: आधी प्रत्येकाची वेळ रस्त्याच्या गुणकाने गुणायची, मग वजा करायची. इथे गुणक १.०८. स्टार्टरच्या सोयीसाठी निघायची वेळ जवळच्या पंधरा सेकंदांवर आणली आहे.

| धावपटू | सपाटीची वेळ | या रस्त्यावरचा अंदाज | निघायची वेळ |
|---|---|---|---|
| काका | ४१:२० | ४४:३८ | ०:०० |
| शाळेतल्या बाई | ३६:०० | ३८:५३ | ५:४५ |
| आयटीवाला | ३१:३० | ३४:०१ | १०:३० |
| डॉक्टर बाई | २७:४९ | ३०:०३ | १४:३० |
| बँकेतल्या मॅडम | २५:१० | २७:११ | १७:३० |
| पोरगा | १८:४० | २०:१० | २४:३० |

यातून एक सोय आपोआप मिळते. सगळ्यांच्या वेळा एकाच पटीत वाढतात, म्हणून निघण्यातली अंतरंही त्याच पटीत वाढतात. शर्यतीच्या सकाळी उकाडा जास्त आहे, सगळे अजून अडीच टक्के हळू होतील असं वाटलं, तर पहिल्यापासून हिशोब मांडायची गरज नाही. निघायच्या सगळ्या वेळा १.०२५ ने गुणा. पोरगा २४:३० ऐवजी २५:०७ ला निघेल, काका शून्यालाच.

हे सगळं एक्सेलमध्ये नाहीतर गुगल शीट्समध्ये करतात, आणि तिथे एक खड्डा आहे. सेलमध्ये ४१:२० टाइप केलं की शीट त्याला एक्केचाळीस तास वीस मिनिटं समजतं. तरीही गुणाकार आणि वजाबाकी बरोबर येते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण उत्तराच्या सेलचा फॉरमॅट साध्या घड्याळाचा असेल, तर चोवीस तासांच्या पुढचं घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजू लागतं आणि पोरग्याच्या २४:२८ च्या जागी ०:२८ दिसतं. यादी तशीच छापली तर आपला सगळ्यांत वेगवान गडी काकांच्या मागोमाग अठ्ठावीस सेकंदांत सुटेल. उपाय सोपा आहे, वेळ टाकताना पुढे शून्य तास लिहायचे:

```
0:41:20
=MAX($C$2:$C$7)-C2
```

पहिली ओळ टाइप करण्याची पद्धत. दुसरी, C रकान्यात रस्त्यावरचे अंदाज असतील तर निघायची वेळ काढणारं सूत्र.

मैदानात घड्याळ एकच असावं आणि ते काकांसोबत सुरू झाल्यावर शर्यत संपेपर्यंत कोणी त्याला हात लावू नये. प्रत्येक जण निघताना स्टॉपवॉच नव्याने सुरू करायचं म्हटलं, की तिसऱ्या माणसापर्यंत घोळ झालेला असतो. बिबवर नंबरच्या खाली निघायची वेळ मार्करने मोठी लिहावी. स्टार्टर दहा सेकंद आधी नाव पुकारतो आणि वेळ झाली की सोडतो. उशिरा आलेल्यासाठी घड्याळ थांबत नाही. साडेसतराला निघायचं असलेली व्यक्ती अठराला उगवली तर ती अठराला निघेल, आणि ते अर्धं मिनिट तिच्या खात्यात. शेवटच्या रेषेवर दोन माणसं लागतात, एक घड्याळात पाहून वेळ वाचणारा आणि एक नंबर लिहिणारा. हिशोब जमला असेल तर पाच-सहा जण अर्ध्या मिनिटात येतात, आणि एकट्या माणसाची तिथे तारांबळ उडते. कोण कितवा आला हे घड्याळ ठरवतं. कोण किती वेगाने पळालं हे त्यातून निघायची वेळ वजा केल्यावर कळतं. दोन्ही लिहून ठेवायचं, कारण पुढच्या शर्यतीचा सगळा हिशोब दुसऱ्या आकड्यावर उभा राहतो.

आता शर्यत झाली. ढगाळ, घामट सकाळ होती. पहिला आला आयटीवाला, ४२:४० ला. मग बराच वेळ कोणी नाही. नंतर ४५:१५ ला पोरगा, ४५:२० ला मॅडम, ४५:२५ ला डॉक्टर बाई, ४५:३० ला शाळेतल्या बाई आणि ४५:५० ला काका.

हा निकाल नीट वाचला तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि त्या वेगळ्या ठेवणं हेच हॅंडिकॅपवाल्याचं खरं काम.

पहिली गोष्ट मागच्या पाच जणांची. ते ज्या क्रमाने आले तो बघा: पोरगा, मॅडम, डॉक्टर, बाई, काका. निघण्याच्या बरोबर उलटा क्रम. हा योगायोग नाही. निघायची यादी आणि पोहोचायची यादी शेजारी ठेवल्यावर त्यांचा एकमेकींशी काही संबंध दिसू नये, हे चांगल्या हॅंडिकॅपचं लक्षण. वेगवान माणसंच ओळीने पुढे आली, तर गुणक कमी पडला. रस्ता किंवा हवा आपण धरली त्यापेक्षा जड होती. हळू पळणारे ओळीने पुढे आले, तर गुणक जास्त झाला.

किती कमी पडला तेही काढता येतं. प्रत्येकाचा प्रत्यक्ष वेळ अंदाजापेक्षा किती टक्क्यांनी चुकला ते बघायचं. काकांचे ४४:३८ ऐवजी ४५:५० झाले, म्हणजे २.७ टक्के जास्त. शाळेतल्या बाई २.२, मॅडम २.४, डॉक्टर बाई आणि पोरगा २.९ टक्के. आयटीवाला मात्र ५.४ टक्के कमी वेळात आला. हे सहा आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला आकडा अडीच टक्क्यांच्या आसपास येतो. तोच त्या दिवसाचा उकाडा. इथे सरासरी घेऊ नये. आयटीवाल्यासारखा एकच माणूस सरासरीला आपल्याकडे ओढून नेतो, मधल्या आकड्याला फारसा धक्का लागत नाही. मिनिटांऐवजी टक्के का, हे वर चढाच्या हिशोबात आलंच: काकांचे ७२ सेकंद आणि पोरग्याचे ३५ सेकंद ही जवळजवळ एकच चूक आहे.

म्हणजे मागचे पाच जण अपेक्षेप्रमाणेच पळाले, फक्त हवा वाईट होती. त्यांच्या वेळांना हात लावायचा नाही. पुष्कळ ग्रुपमध्ये इथेच गडबड होते. शर्यतीनंतर आयोजक प्रत्येकाची नवी वेळ जशीच्या तशी यादीत भरतो. मग पुढच्या महिन्यात हवा थंड निघाली की काका आणि शाळेतल्या बाई बघता बघता एक मिनिट आधी पोहोचतात आणि बाकीचे त्यांच्याकडे संशयाने बघू लागतात. त्या दोघांचा काही दोष नसतो, यादीत घुसलेला मागच्या महिन्याचा उकाडा कोणी काढलेला नसतो.

दुसरी गोष्ट आयटीवाल्याची. त्याला ३२:१० लागले. यातून चढ आणि उकाडा दोन्ही काढून टाकायचे, म्हणजे १.०८ आणि १.०२५ यांच्या गुणाकाराने, १.१०७ ने भागायचं. सपाटीची वेळ २९:०३ निघते. यादीत होती ३१:३०. त्याची वेळ आता कितीने खाली आणायची? माझं मत असं, की हे माणूस बघून ठरवावं. जो वर्षानुवर्षं पळतोय आणि आज एकाएकी खूप चांगला पळाला, त्याच्या सुधारणेत नशिबाचा आणि चांगल्या झोपेचा वाटा असतो. त्याची वेळ सुधारणेच्या निम्म्यानेच कमी करावी. नव्याने पळू लागलेल्याची सुधारणा खरी असते आणि पुढेही चालू राहते, त्याची पूर्ण कमी करावी. आपला आयटीवाला नवा आहे, म्हणून २९:०३ पूर्ण धरू. पुढच्या वेळी हाच रस्ता असेल तर त्याचा अंदाज ३१:२२ होईल आणि तो १०:३० ऐवजी १३:१५ ला निघेल. पावणेतीन मिनिटं गेली म्हणून तो कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.

उलट बाजूला मात्र हात आखडता ठेवायचा. एखादा दिवस कोणी वाईट पळालं तर त्याची वेळ लगेच सैल करू नये. तीन शर्यती सलग मागे पडलं, दुखापतीनंतर परत आलं, असं काही असेल तरच थोडी वाढवावी. कारण उघड आहे. वेळ पटकन वाढते हे कळलं की दोन शर्यती रमतगमत पळून तिसरी जिंकण्याचा मोह होतो. असं कोणी करत असेल तर ते किलोमीटरवारीत दिसतं. खरोखर दमलेला माणूस शेवटी हळू होतो. हातचं राखून पळणाऱ्याचे मधले किलोमीटर संथ असतात आणि लोक बघत असतात तो शेवटचा एकदम वेगात जातो. म्हणून पुष्कळ ठिकाणी शेवटची वेळ न धरता गेल्या वर्षभरातली सर्वोत्तम वेळ धरतात, आणि मला ते पटतं.

माणसं ओळखीची नसतील, किंवा शेकड्यांनी असतील, तर प्रत्येकाचा इतिहास कोण तपासणार? कॅलिफोर्नियात मिल व्हॅलीपासून डोंगर ओलांडून स्टिन्सन बीचपर्यंत जाणारी डिप्सी नावाची शर्यत १९०५ पासून होते. तिथे सवलत धावपटूच्या कामगिरीवर नाही, वय आणि स्त्री-पुरुष यावर मिळते. ऐन तारुण्यातले पुरुष स्क्रॅचवर, सगळ्यांत शेवटी निघतात. लहान मुलं आणि वृद्ध कित्येक मिनिटं आधी. तिथे हातचं राखून सवलत वाढवता येत नाही, कारण जन्मतारीख रमतगमत पळून बदलत नाही. २०१० मध्ये आठ वर्षांच्या मुलीने ही शर्यत जिंकली. पण त्याची किंमतही आहे. वयाने सवलत दिली की प्रत्येक वयोगटातला सगळ्यांत दणकट माणूस पुढे येतो, आणि साठीचा साधा माणूस साठीच्या तगड्या माणसाइतकीच सवलत घेऊन मागेच राहतो. म्हणजे सगळे एकत्र पोहोचावेत हा हेतू तिथे साधत नाही. वेगवेगळ्या वयाचे उत्तम धावपटू एकत्र पोहोचतात. मागे जिंकलेल्यांची सवलत तिथे कमीही करतात, म्हणजे नुसत्या वयावर भागत नाही हे त्यांनाही मान्य असावं. सहा-सात जणांच्या ग्रुपला किंवा पन्नास-साठ जणांच्या क्लबला हा मार्ग नको, त्यांच्याकडे खऱ्या वेळा असतात.

आणि कितीही नीट हिशोब केला तरी सगळे एका सेकंदात येणार नाहीत. चांगला सराव असलेल्या माणसाची वेळही दिवसागणिक एक-दोन टक्के इकडेतिकडे होते. दोन टक्के धरले तर तीस मिनिटांच्या धावेत छत्तीस सेकंद झाले. चाळीस धावपटू असतील तर त्यातला एखादा खूप चांगला आणि एखादा खूप वाईट दिवस असणारा निघणारच, म्हणून पहिल्या आणि शेवटच्यात अडीच मिनिटांचं अंतर पडणं स्वाभाविक आहे. तेवढं पडलं तर आयोजकाने चरफडू नये. पाच-सहा मिनिटं पडलं तर यादी उघडून बसावं.

या दोन टक्क्यांतून एक तक्रार मात्र दर वेळी येते, आणि ती बरोबर आहे. पोरगा म्हणतो, मी कधीच जिंकत नाही. काकांचे दोन टक्के म्हणजे चोपन्न सेकंद, त्याचे दोन टक्के म्हणजे चोवीस. काकांचा दिवस चांगला गेला तर ते जवळजवळ मिनिटभर आधी येतात, वाईट गेला तर तेवढेच मागे. पोरगा चांगल्या दिवशीही चोवीस सेकंदच कमावतो. त्यामुळे हळू पळणारे कधी पहिले तर कधी शेवटचे येतात, आणि सगळ्यांत वेगवान माणूस कायम मधेच कुठेतरी. त्यात त्याला सुधारायला जागाही कमी. स्टॉवेलची गंमत आठवा: १८७८ पासून चालत आलेल्या त्या शर्यतीत स्क्रॅचवरून पळून जिंकणारा पहिला माणूस थेट १९७५ मध्ये निघाला, मादागास्करचा जाँ-लुई रावेलोमनांत्सोआ.

यावर गणिती उपाय शोधण्यात अर्थ नाही. पोरग्याला मुद्दाम दहा-पंधरा सेकंद आधी सोडलं, तर बाकीच्यांना ते कळतं आणि यादीवरचा विश्वास जातो. सोपं उत्तर म्हणजे दोन बक्षिसं ठेवणं. एक रेषा आधी ओलांडणाऱ्याला, दुसरं निघायची वेळ वजा करून सगळ्यांत कमी वेळ घेणाऱ्याला. दुसरं बहुधा दर महिन्याला पोरगाच नेईल, आणि ते त्याने न्यावंही. त्यासाठी लागणारा आकडा तर आपण लिहून ठेवलेलाच असतो.